उतारावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखतंय? सपाटीवर पळणाऱ्या इंदूरकरांसाठी काय करायचं ते क्रमाने

इंदूरमध्ये आपण बहुतेक जण आठवडाभर सपाटच पळतो. सुपर कॉरिडॉर असो, रीजनल पार्क असो की नेहरू स्टेडियमच्या आसपासचे रस्ते, चढ-उतार म्हणून फार काही नाहीच. मग कोणीतरी ग्रुपवर सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा विषय काढतं, रजिस्ट्रेशन होतं, आणि रविवारी गाड्या काढून मंडळी रालामंडल, जानापाव नाहीतर महूच्या पुढे जाम गेटच्या घाटात पळायला जातात. चढताना दम लागतो पण दुखत काही नाही. उतरायला लागलं की थोड्या वेळाने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक टोचणी सुरू होते, ती वाढत जाते आणि एका क्षणी पाय वाकवणंच नको होतं. थांबून चालायला लागलं की पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून परत पळायचं, की परत तेच.

मी यातून गेलोय, आमच्या ग्रुपमधले बरेच जण गेलेत, आणि प्रत्येकाने सुरुवातीचे कित्येक आठवडे भलत्याच उपायांत घालवले. मी डॉक्टर नाही, पण फिजिओकडे बसून, विचारून, करून बघून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. हे सगळं एकाच दुखण्याबद्दल आहे, मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणाऱ्या आयटी बँड नावाच्या पट्ट्याच्या, ज्याला फिजिओ आयटी बँड सिंड्रोम म्हणतात. उतारावर बाहेरच्या बाजूने दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं.

हाताशी काय लागेल ते आधीच सांगतो: मोबाईल आणि तो टेकवायला काहीतरी, साधारण वीतभर उंचीची पायरी किंवा पक्का पाट, ठरलेल्या लयीत टिकटिक करणारं फुकटचं एखादं मेट्रोनोम ॲप, व्यायामाचा रबरी बँड, आणि एक वही. फिजिओकडे जाणार असाल तर गेल्या दोन महिन्यांचं रनिंग ॲपमधलं रेकॉर्ड आणि पळायचे जुने शूज सोबत न्या, पहिला प्रश्न त्यावरच येतो.

१) आधी बोटाने जागा शोधा

खुर्चीवर बसा, पाय सरळ करून हळूहळू वाकवा आणि मांडीच्या हाडाचा गुडघ्याजवळ बाहेरच्या बाजूला जो उंचवटा लागतो त्यावर अंगठ्याने दाबून धरा. हा उंचवटा गुडघ्याच्या सांध्याच्या फटीपासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर वर असतो. आता अंगठा तसाच ठेवून पाय वाकलेल्या स्थितीतून सरळ करत जा. पाय जवळजवळ सरळ होत आला, म्हणजे अंदाजे ३० अंश वाकलेला राहिला, की नेमकी तीच ओळखीची कळ उठली तर संशय आयटी बँडवर घ्यायचा. फिजिओसुद्धा साधारण हीच तपासणी करतात.

दुखण्याचा स्वभावही बघा. आयटी बँडचं दुखणं सहसा पहिल्या पावलापासून नसतं, ते ठराविक अंतरानंतर येतं, आणि प्रत्येक वेळी जवळपास त्याच अंतरावर येतं. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. सिनेमाला दोन तास पाय दुमडून बसून उठलात की पहिली काही पावलं आखडल्यासारखी. आणि पाय न वाकवता ताठ ठेवून चाललं की बरं वाटतं, उतारावरून असं लंगडत येणारा माणूस दिसला की आता मला लांबूनच कळतं.

२) हे नसेल तर काय असू शकतं, आणि डॉक्टरकडे कधी जायचं

इथे घाई करू नका. दुखरी जागा उंचवट्यावर नसून खाली सांध्याच्या फटीत असेल, गुडघा सुजला असेल, मध्येच अडकत असेल किंवा सटकल्यासारखा वाटत असेल, तर आतली गादी म्हणजे मेनिस्कस तपासावी लागते. पाय मुरगळल्यावर किंवा पडल्यावर सुरू झालेलं दुखणं लिगामेंटचं असू शकतं. वाटीच्या भोवती किंवा मागे दुखत असेल तर ते वाटीचं दुखणं, तेही उतारावर आणि जिन्यावर वाढतं, म्हणून लोक दोन्हींत गल्लत करतात. बाहेरच्या बाजूलाच पण जरा मागे, खोबणीत दुखत असेल तर पोप्लिटिअस नावाचा छोटा स्नायू असू शकतो, आणि गंमत म्हणजे तोही उतारावरच चिडतो. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल तर नसेचा प्रश्न. रात्री झोपेत दुखणं, नुसतं चालताना प्रत्येक पावलाला हाडात दुखणं, गुडघा गरम आणि लाल होणं, यात एकही गोष्ट असेल तर पुढचं वाचण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा.

आयटी बँडसाठी एक्स-रे सहसा नॉर्मलच येतो. एमआरआय लगेच लागत नाही, वरच्यापैकी कशाची शंका असेल तरच डॉक्टर सांगतात. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे काही नाही’ असं समजून दुसऱ्या दिवशी घाटात जाऊ नका.

३) उतारावरच का दुखतं ते समजून घ्या

हे कळलं की पुढचे सगळे बदल आपोआप पटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आयटी बँड म्हणजे कमरेच्या हाडाच्या कडेपासून मांडीच्या बाहेरून खाली येऊन गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला जोडला जाणारा एक रुंद, जाड, चिवट पट्टा. तो स्वतः स्नायू नाही, त्याला वरून कुल्ल्याचे स्नायू ताण देतात. पूर्वी असं मानायचे की गुडघा वाकताना हा पट्टा त्या हाडाच्या उंचवट्यावरून पुढे-मागे घासतो. नंतरच्या शरीररचनेच्या अभ्यासात, २००६ च्या सुमारास, असं मांडलं गेलं की पट्टा मांडीच्या हाडाला धाग्यांनी बांधलेलाच असतो, त्यामुळे तो फारसा सरकत नाही, पण पाय ३० अंशांच्या आसपास वाकलेला असताना त्याच्या खालचा चरबीचा थर हाडावर दाबला जातो. त्या थरात भरपूर नसा असतात, म्हणून इतकी कळ उठते.

आता सपाटीवर वेगात पळताना पाऊल टेकतं तेव्हा गुडघा आधीच त्यापेक्षा जास्त वाकलेला असतो, त्यामुळे दाबाचा तो टप्पा फार कमी वेळ येतो. उतारावर मात्र आपण पाऊल पुढे टाकतो, पाय जास्त सरळ असतो, टाच आपटते, आणि शरीराचं वजन अडवताना गुडघा हळूहळू त्याच ३० अंशांच्या टप्प्यातून जातो, किलोमीटरमागे शेकडो वेळा. म्हणून एक उलटी वाटणारी गोष्ट खरी आहे: हळू, ब्रेक लावत लावत उतरणं हे गुडघ्याला मोकळेपणाने उतरण्यापेक्षा जास्त महागात पडतं. ‘दुखतंय तर सावकाश उतर’ हा सल्ला सगळे देतात, पण सावकाश चालत उतरणं आणि सावकाश पळत उतरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुखत असेल तर चाला.

दुसरं कारण कुल्ल्याचं. एका पायावर वजन असताना कंबर दुसऱ्या बाजूला पडू नये हे काम कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू करतात. उतारावर ते लवकर थकतात, कंबर एका बाजूला झुकते, गुडघा आत येतो, पावलं एकमेकांच्या रेषेत पडायला लागतात, आणि पट्ट्यावरचा ताण वाढतो. सपाटीवर वर्षानुवर्षं पळणाऱ्याला हे कळतच नाही कारण तिथे त्या स्नायूंची परीक्षा झालेलीच नसते.

४) पहिले दोन आठवडे: उतार बंद, पाय चालू

पूर्ण आराम करून महिनाभर बसलं तर दुखणं जातं आणि पहिल्याच उतारावर परत येतं, हे आमच्याकडे वारंवार झालंय. करायचं ते असं की उतार पूर्ण बंद, पळणं दुखणं सुरू होण्याच्या बरंच आधी थांबवायचं, किंवा चालतानाही दुखत असेल तर पळणं बंद करून सपाटीवर चालायचं. पोहणं चालेल. सायकल मात्र जपून, कारण पेडल मारतानाही गुडघा त्याच टप्प्यातून पुन्हा पुन्हा जातो आणि सीट खूप उंच असेल तर जास्तच. दुखत नसेल तरच.

वहीत रोज दोन आकडे लिहा, ० ते १० मध्ये पळताना किती दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना किती. २ पर्यंत असेल आणि सकाळी निवळलेलं असेल तर ठीक. ३ च्या वर गेलं किंवा सकाळी वाढलेलं असेल तर आधीचा दिवस जास्त झाला, पुढचा कमी करा.

इथले तीन सापळे. पहिला, पळण्याआधी पेनकिलर घेणं. कळ दबते, दाब तसाच राहतो, आणि तुम्ही ज्या ठिकाणी थांबायला हवं होतं त्याच्या कितीतरी पुढे जाता. दुसरा, फोम रोलर दुखऱ्या उंचवट्यावर फिरवणं. जो थर दाबल्यामुळे दुखतोय त्यालाच आपण अजून दाबतो. रोलरने पट्टा लांब होत नाही, तो तितका चिवट असतो; फिरवायचाच तर वर कुल्ल्यावर आणि मांडीच्या पुढच्या स्नायूवर फिरवा, मोकळं वाटतं. तिसरा, लगेच नवे महागडे शूज घेणं. तळवा झिजला असेल तर जरूर बदला, पण शूज बदलून कुल्ल्याचे स्नायू मजबूत होत नाहीत.

५) कुल्ल्याचा व्यायाम, एक दिवसाआड

आधी स्वतःचा व्हिडिओ काढा. मोबाईल समोर टेकवा, पायरीवर एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला लावून परत वर या, असं आठ वेळा. व्हिडिओत बघा की उभ्या पायाचा गुडघा आत पडतोय का आणि दुसऱ्या बाजूची कंबर खाली जातेय का. दोन्ही पायांचा काढा, फरक आपल्याच डोळ्यांना दिसतो.

मग तीनच व्यायाम, पण नीट. पहिला: भिंतीला पाठ आणि टाच लावून कुशीवर झोपा, वरचा पाय टाच भिंतीला घासत वर न्या, पायाची बोटं किंचित खाली वळलेली. पाय पुढे आला की काम कुल्ल्याऐवजी मांडीचा पुढचा भाग करतो, भिंत त्यासाठीच. १२ ते १५ वेळा, तीन सेट, सोपं झालं की बँड लावा. दुसरा: पायरीच्या कडेला एका पायावर उभं राहून, गुडघा सरळ ठेवून, लोंबकळत्या पायाची बाजू कमरेतून खाली सोडायची आणि परत वर उचलायची. १० ते १२ वेळा, तीन सेट. तिसरा व्हिडिओत केलेलाच, पायरीवरून टाच टेकवणं, पण खाली जायला तीन सेकंद घेऊन. हा पहिल्या आठवड्यात दुखवत असेल तर पायरीऐवजी जाड पुस्तकावर करा, उंची नंतर वाढवा.

पहिले दोन व्यायाम पहिल्या दिवसापासून चालतात. ताकद यायला सहा ते आठ आठवडे लागतात, दुखणं त्याआधी कमी होतं आणि नेमकं तेव्हाच लोक व्यायाम सोडतात.

६) परत यायचा क्रम: सपाट, मग वेग, मग चढ, उतार सगळ्यात शेवटी

आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो, वय ४३. आठवड्याला तीन दिवस सहा-सहा किलोमीटर आणि रविवारी बारा, सगळं सपाट, म्हणजे तीस. साताऱ्यासाठी त्यांनी रविवारचे बारा तसेच जाम गेटला नेले. तिसऱ्या रविवारी उजव्या गुडघ्यात उतारावर दोन किलोमीटरला कळ आली. आकडा तीसच होता म्हणून त्यांना वाटलं की लोड वाढलेलाच नाही, पण उताराचा हिशोब शून्यावरून एकदम सहा किलोमीटरवर गेला होता. उतार वेगळा मोजा, किलोमीटरच्या एकूण आकड्यात तो दिसत नाही.

त्यांनी पहिले दोन आठवडे फक्त चालणं आणि व्यायाम केला. तिसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, एक मिनिट पळणं आणि एक मिनिट चालणं, दहा वेळा, सपाटीवर. चौथ्यात सलग तीन किलोमीटर. पाचव्यात चार-पाच किलोमीटर आणि शेवटी पंधरा-वीस सेकंदांचे सहा वेगवान तुकडे. वेग ऐकून त्या घाबरल्या, पण वर सांगितल्याप्रमाणे सपाटीवरचा वेग या दुखण्याला रेंगाळत पळण्यापेक्षा सोपा जातो, आणि झालंही तसंच, गुडघा गप्प राहिला. सहाव्यात रालामंडलला चढ पळत आणि उतार चालत.

सातव्या आठवड्यात पहिला उतार: सौम्य ढाळ, साधारण १५० मीटर पळत खाली, चालत वर, चार वेळा. चौथ्या वेळी आकडा ४ झाला. तिथेच थांबून त्यांनी पुढच्या वेळी तीनच केले, त्यापुढे चार, मग सहा. दहाव्या आठवड्यात सलग एक किलोमीटर उतार, आणि त्यानंतर दर आठवड्याला थोडा थोडा, आठवड्यातून एकदाच. उतारामुळे स्नायूंना जो मार बसतो तो सावरायला वेळ लागतो, पण एकदा सावरले की पुढच्या वेळी तेवढाच उतार खूप कमी त्रास देतो, म्हणून छोटा उतार नियमित करणं महिन्यातून एकदा मोठा घाट करण्यापेक्षा चांगलं.

जागेचं एक बघा. जाम गेटला आपण महूकडून जातो, गाडी वर लागते आणि घाट निमाडकडे खाली उतरतो, म्हणजे अंग गरम नसताना पहिल्यांदा उतारच येतो. गाडीजवळ दोन किलोमीटर सपाट पळून मग उतरा, आणि कळ आली की लगेच फिरून चालत वर या, चढ सहसा दुखत नाही. रालामंडल आणि जानापावला उलटं, तिथे माथ्यावर पोचल्यावर दुखायला लागलं तरी परतीचा रस्ता उतारच असतो, म्हणून पहिल्या काही वेळा अर्ध्यातून वळा. पावसाळ्यात घाटात धुकं, ओला रस्ता आणि पर्यटकांच्या गाड्या, तेव्हा माणूस घाबरून टाचेवर ब्रेक लावतच उतरतो, अशा दिवशी उताराची प्रॅक्टिस नको.

७) उतरायची पद्धत बदला

पावलं छोटी आणि भराभर. आधी सपाटीवर एक मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा, दोन्ही पायांची मिळून. ताईंची १६२ होती, मेट्रोनोम १७० वर लावला, म्हणजे पाच टक्के जास्त. एवढ्यानेच पाऊल शरीराच्या जवळ पडायला लागतं, गुडघा थोडा जास्त वाकलेला टेकतो आणि प्रत्येक पावलाचा भार कमी होतो. दहा टक्क्यांच्या वर एकदम नेऊ नका, पोटऱ्या धरतात. सपाटीवर दोन आठवडे सवय करा, मग उतारावर.

दुसरं, दोन पावलांमध्ये थोडी जागा ठेवा. रस्त्यावरची पांढरी पट्टी दोन पायांच्या मधे ठेवून सपाटीवर मोकळ्या, सुरक्षित जागी पळून बघा, पाय पट्टीवर पडत असतील तर पावलं आत येतायत. अंग मागे रेलू नका, घोट्यातून किंचित पुढे, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. आणि तीव्र वळणांवर सरळ चालत या, त्यात काही कमीपणा नाही. साताऱ्यात पहिला अर्धा भाग चढ आणि परतीचा अर्धा उतार असतो, म्हणजे थकलेल्या कुल्ल्यांनी उतरायचं असतं, म्हणून शेवटच्या महिन्यात एखाद-दोनदा आधी चढ पळून मग उतार करून बघा, व्हिडिओही तेव्हाच काढा, ताज्या पायांचा व्हिडिओ छानच येतो.

८) आठ आठवड्यांनीही हलत नसेल तर

बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत नीट पळता येतं. आठ आठवडे व्यायाम नियमित करूनही सपाटीवर तीन किलोमीटर होत नसतील तर वही, व्हिडिओ आणि ॲपचं रेकॉर्ड घेऊन खेळाडूंना बघणाऱ्या फिजिओकडे किंवा ऑर्थोपेडिककडे जा. तिथे निदान पुन्हा तपासलं जातं, कधीकधी सोनोग्राफी किंवा एमआरआय होतो, आणि काहींना डॉक्टर त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवतात. इंजेक्शनने कळ लवकर उतरते, पण कुल्ला आणि पावलं तीच राहतात, म्हणून घेतलंत तरी घाटात परत जायचा क्रम सहाव्या पायरीपासूनच सुरू करा, आणि स्पर्धा महिन्याभरावर असेल तर आयोजकांना मेल करून अंतर कमी करून मिळतं का ते आधीच विचारून ठेवा.